हाक मारता येईल असे नाव

बीजीएमआयचा सामना रंगात आला आहे. चौघांच्या संघातला एक जण नॉक होऊन गवतात पडलाय, समोरच्या घरातून गोळ्या येताहेत आणि कोणीतरी धावत येऊन त्याला रिवाइव्ह करायला हवे. सर्वांत जवळचा साथीदार नकाशावर दिसतो आहे. त्याचे नावही दिसते आहे: `xXW4GH07Xx`. आता हे तोंडाने म्हणायचे कसे? ‘एक्सएक्स डब्ल्यू चार’ म्हणेपर्यंत जीव जायचा. पडलेला गडी शेवटी ओरडतो, "अरे ए, निळ्या जॅकेटवाल्या, इकडे ये!"

त्या नावामागे ‘वाघ’ हा एकच शब्द आहे. नाव घेताना मुलाने आधी `wagh` टाइप केले असणार. ते गेलेले होते. मग `wagh07` पाहिले, तेही गेलेले. मग ए काढून चार घातले, दोन्ही बाजूंना एक्सची तोरणे बांधली आणि कुठेतरी एकदाचा हिरवा टिकमार्क उमटला. नाव मिळाले, पण वाघ हरवला. जगभरच्या गेमरांची बहुतेक नावे अशीच बिघडतात. आधी दमदार शब्द निवडला जातो, मग तो ‘मिळावा’ म्हणून इतका वाकवला जातो की त्याचा उच्चारच उरत नाही.

काहींनी अंक घालूनही नाव गाजवले, हे खरे. अमेरिकेचा जॉनथन वेंडेल `Fatal1ty` म्हणून ओळखला गेला, तर युक्रेनचा काउंटर-स्ट्राइकपटू ओलेक्सांद्र कोस्टिलिएव `s1mple` या नावाने. भारतात तन्मय सिंग ‘स्काउट’ आपल्या नावात ओऐवजी शून्य घालतो. पण या नावांत तो अंक मुका आहे. तोंडाने म्हणताना ‘सिंपल’ आणि ‘स्काउट’ एवढेच ऐकू येते आणि लाखो चाहते स्पेलिंग पाठ करून बसलेले असल्यामुळे ते खपून जाते. नवख्या खेळाडूचे तसे नसते. त्याचे नाव ऐकून कोणी `simple` शोधले, तर पुढ्यात भलतेच हजार लोक येतील.

नाव ‘गेलेले आहे’ म्हणजे नेमके काय, हे मात्र प्रत्येक ठिकाणी वेगळे असते, आणि ते कळले की निम्मा गोंधळ संपतो. ट्विच, यूट्यूब, एक्स आणि इन्स्टाग्राम यांवर एक नाव एकालाच मिळते. स्टीमवर मात्र लॉगिनचे नाव वेगळे आणि मित्रांना दिसणारे नाव वेगळे. दिसणारे नाव हवे तेव्हा बदलता येते आणि ते हजार जणांचे सारखे असले तरी स्टीमची हरकत नसते. रायटच्या गेममध्ये, म्हणजे व्हॅलोरंट आणि लीग ऑफ लेजंड्समध्ये, नावाला पुढे शेपूट असते: आधी तीन ते सोळा अक्षरांचे नाव, मग # चिन्ह, मग तीन ते पाच अक्षरांचा टॅग. नाव आणि टॅग मिळून जोडी एकमेव असली की झाले. एक्सबॉक्सने 2019 मध्ये हीच वाट धरली. हवे ते नाव घ्या. आधी कोणाकडे असेल तर मागे बारीक अक्षरात आकडे आपोआप चिकटतील.

डिस्कॉर्डचा प्रवास नेमका उलट्या दिशेने झाला. तिथे पूर्वी नावामागे चार अंक असत, त्यामुळे एकच नाव हजारो जण बाळगू शकत. 2023 मध्ये कंपनीने हे अंक काढून टाकले आणि प्रत्येकाला एकमेव नाव घ्यायला लावले. कारणही सांगितले: चाळीस टक्क्यांहून अधिक लोकांना स्वतःचे ते चार अंक आठवत नव्हते किंवा ते काय असतात हेच ठाऊक नव्हते, आणि मैत्रीच्या जवळपास निम्म्या विनंत्या योग्य माणसापर्यंत पोहोचत नव्हत्या. ज्यांची खाती जुनी त्यांना निवडीचा मान आधी मिळाला. छोटी, सुटसुटीत नावे सुरुवातीलाच संपली आणि मागून आलेले टिंबे, अंडरस्कोर लावत बसले.

म्हणजे खरी लढाई डिस्कॉर्ड, ट्विच, यूट्यूब, एक्स अशा ठिकाणी आहे. तिथे नाव मिळाले तर स्टीम आणि रायट यांची चिंता करायचे कारण नाही.

आता या सगळ्यांचे नियम एकावर एक ठेवून पाहिले, की एक अरुंद खिडकी दिसू लागते. ट्विचला किमान चार अक्षरे लागतात. एक्सवर पंधराच्या वर जाता येत नाही. प्लेस्टेशन, एपिक आणि माइनक्राफ्ट यांची मर्यादा सोळा, तर एक्सबॉक्सच्या नव्या पद्धतीत बाराच. डिस्कॉर्ड फक्त लहान लिपीतली अक्षरे घेते. टिंब डिस्कॉर्ड आणि इन्स्टाग्रामला चालते, पण ट्विच आणि माइनक्राफ्टला चालत नाही. हायफन प्लेस्टेशनला चालते, एक्सला नाही. अंडरस्कोर बऱ्याच ठिकाणी चालतो, पण तो तोंडाने सांगावा लागतो, आणि ‘अंडरस्कोर’ हा शब्दच पुष्कळदा नावापेक्षा लांब असतो. या सगळ्यांतून गाळून उरते ते असे: चार ते बारा, फक्त साधी रोमन अक्षरे, अंक नाही, चिन्ह नाही, रिकामी जागा नाही.

मोठ्या-लहान अक्षरांची करामतही इथे गळून पडते. `RanAsur` असे लिहिले तर रणासुर वाचता येतो, पण डिस्कॉर्डवर ते `ranasur` होते आणि वाचणारा ‘राणा सूर’ म्हणून मोकळा होतो. दोन शब्द जोडायचे असतील तर ते सगळे लहान अक्षरांत लिहून अनोळखी माणसाला वाचायला द्यावेत.

आपल्याकडे बीजीएमआय आणि फ्री फायर खेळणाऱ्या पोरांची आणखी एक लाडकी युक्ती आहे: नावात 々 किंवा 〆 अशी चिन्हे घालायची. दिसायला ती झोकदार, सामुराईच्या तलवारीसारखी. पहिले चिन्ह जपानीत ‘आधीचे अक्षर पुन्हा’ एवढ्यासाठी वापरतात. आपण वहीत खालच्या ओळीत ‘वरीलप्रमाणे’ची टिंबे द्यायचो, त्याचा जपानी भाऊ. दुसरे ‘बंद केले’ अशा अर्थाने पाकिटाच्या तोंडावर लिहिण्याची रीत आहे. म्हणजे कुणा शूरवीराच्या नावावर ‘पाकीट बंद’ असा शिक्का असू शकतो. त्याहून मोठी अडचण अशी की ही चिन्हे कीबोर्डवर सापडत नाहीत. मित्राला तुम्हाला शोधायचे असेल तर नाव कॉपी-पेस्ट करून पाठवावे लागते, आणि गेमच्या बाहेर बहुतेक ठिकाणी ते चालतच नाही.

नाव दमदार वाटते म्हणजे काय होते? याचे उत्तर बऱ्याच अंशी अर्थात नसून आवाजात आहे. जर्मन मानसशास्त्रज्ञ वोल्फगांग कोलर यांनी 1929 साली दोन निरर्थक शब्द आणि दोन आकृत्या घेऊन एक साधा प्रयोग मांडला. एक आकृती गोलगरगरीत, दुसरी टोकेरी. यातली ‘ताकेते’ कोणती? लोक टोकेरीकडे बोट दाखवत. 2001 मध्ये व्ही. एस. रामचंद्रन आणि एडवर्ड हबर्ड यांनी ‘बूबा’ आणि ‘किकी’ हे शब्द घेऊन तोच विषय पुन्हा गाजवला. मराठी माणसाला यात नवल वाटू नये. कडक, टणक, खडक, दणकट, कडाडणे, आपटणे या शब्दांतले क, ट, ड, प म्हणताना तोंडातली हवा अडते आणि फटकन सुटते. मऊ, मवाळ, मलमल, लुसलुशीत यांत ती फारशी अडत नाही, बहुतेक नुसती वाहते. भाषेने कठीण वस्तूंना कठीण आवाज दिले आहेत, निदान पुष्कळदा तरी.

व्यापारात हे फार आधी ओळखले गेले होते. जॉर्ज ईस्टमनने 1888 मध्ये ‘कोडॅक’ हे नाव नोंदवले, तेव्हा त्या शब्दाला कोणत्याही भाषेत काही अर्थ नव्हता. त्याला के हे अक्षर जोरकस वाटे, म्हणून ते आरंभी आणि अखेरीस बसवले. नाव छोटे हवे, त्याचा उच्चार चुकता कामा नये आणि ते आणखी कशासारखे वाटू नये, अशा त्याच्या अटी होत्या. गेमरला आज ज्या अटी सांभाळायच्या आहेत, त्या याच.

गाजलेली नावे या कानाने पुन्हा ऐकून पाहावीत. फेकर, निंजा, श्राउड, मॉर्टल, स्काउट, डायनॅमो. एक ते तीन अवयवांत संपणारी, आणि बहुतेकांत एक तरी अडणारे, आपटणारे व्यंजन. लांब नाव असेल तर लोक ते आपणहून कापतात. प्युडीपायचे ‘प्युड्स’ झाले, कॅरीमिनाटीचा सगळे ‘कॅरी’ करतात. नाव निवडतानाच ते कुठे तुटेल हे पाहिले तर पुढे पंचाईत होत नाही. ‘बॉम्बस्फोटक’ असे नाव घेणाऱ्याने मित्र आपल्याला ‘बॉम्ब’ म्हणतील की ‘फोटक’, याचा विचार केलेला बरा.

मुंबईच्या मिथिलेश पाटणकरने साधलेली गोष्ट या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. नावातला आरंभ आणि आडनावातला आरंभ घेऊन त्याने ‘मिथपॅट’ केले. `Mythpat` मधले पहिले अंग इंग्रजीत दंतकथा या अर्थाचा शब्द आहे, दुसरे पाटणकरांचे. सात अक्षरे, दोन अवयव, शेवटी आपटणारा ट. आणि दोन ओळखीच्या तुकड्यांचा हा जोड कोणत्याही शब्दकोशात नाही, म्हणून तो दुसऱ्या कोणी आधी घेतलेला असण्याची शक्यता मुळातच कमी. मिळण्याची अडचण इथे अंक लावून सोडवलेली नाही, तर नवा शब्द घडवून सोडवली आहे. सारा फरक तिथेच आहे.

मराठी शब्दावरून नाव घडवायचे तर एक खाचखळगा मात्र ध्यानात ठेवावा लागतो. तो म्हणजे रोमन लिपी. एखाद्या पोराला मराठी मातीतलेच नाव हवे आहे, असे समजून एकेक शब्द घासून पाहू.

वाघ घेऊ. तो `wagh`, `vagh`, `waagh`, `vaagh` असा चार प्रकारे लिहिता येतो. ऐकणारा यातला कोणता टाइप करणार? शिवाय वाघ हे आडनाव असलेली हजारो घरे आहेत, तेव्हा नाव मिळण्याची आशा नकोच. वादळ घेतले तर व-डब्ल्यूचा घोळ आहेच, वर ळ. रोमन लिपीत ळ नाही. `wadal` हे इंग्रज माणूस ‘वॉडल’च्या जवळ वाचेल, आणि तो शब्द त्यांच्याकडे बदकाच्या डुलत चालण्याला आहे. कातळ घेतला तर मराठीतला सर्वांत कणखर शब्द `katal` होतो, आणि अमेरिकेत त्याचे ‘कॅटल’, म्हणजे गुरेढोरे. तडाखा? उत्तरेकडचा साथीदार तो ‘तडका’ ऐकेल आणि गोळीबारात डाळीला फोडणी बसेल. कडाका? `kadaka` हे मुंबईत कोणीही ‘कडका’ वाचेल, आणि खिसा रिकामा असलेल्याला काय म्हणतात ते सांगायला नको. कोयता घेऊ नये, याचे कारण पुण्याची वर्तमानपत्रे वाचणाऱ्यांना ठाऊक आहे.

दणकट हा त्यातल्या त्यात बरा वाटतो. व नाही, ळ नाही, आवाज भक्कम. पण इथे एक बारीक गोष्ट आडवी येते. मराठीतला ऱ्हस्व अ आपण ए या अक्षराने लिहितो, तर इंग्रजी कानाला तो यूसारखा वाटतो. ‘जंगल’ त्यांच्याकडे गेल्यावर `jungle` झाला, तो त्याचमुळे. ‘दणकट’ ऐकून परदेशी खेळाडू `dunkut` टाइप करेल आणि त्याला कोणी सापडणार नाही. याउलट इ आणि ओ हे स्वर जवळपास सगळ्या भाषांत सरळ लिहिले जातात. तेव्हा नावात ऱ्हस्व अ जितका कमी, तितके ते ऐकून टाइप करायला सोपे. महाप्राण व्यंजनांचेही तसेच: ख, घ, ठ, भ यांतला एच अर्धे लोक गाळतात.

म्हणजे आता शोध घ्यायचा तो इ-ओ स्वरांचा, क-ट व्यंजनांचा, वाघासारखा सगळ्यांनी चावून चोथा न केलेला शब्द. मराठीत असा एक शब्द घरोघर आहे, आणि प्रत्येक गेमरने तो कधी ना कधी आईवडिलांकडून ऐकलेला असतो: "तू कोण टिकोजीराव लागून गेलास?"

टिकोजीराव. स्वतःला फार मोठा समजणारा. गेमिंगच्या नावात जी गुर्मी लागते ती यात आयतीच आहे, वर स्वतःवरच हसण्याची सोय. `tikojirao` लिहिले तर नऊ अक्षरे होतात, म्हणजे खिडकीत बसते. पण ‘राव’ला `rao`, `rav`, `raav`, `raw` अशी चार तोंडे आहेत. राव काढून टाकू. उरते `tikoji`.

सहा अक्षरे, तीन अवयव, टि-को-जी. प्रत्येक व्यंजनानंतर एक स्वर, त्यामुळे जोडाक्षराची भानगड नाही. ऱ्हस्व अ एकही नाही, व-डब्ल्यू नाही, एच नाही. मराठी माणसाला यात तुकोजी, मालोजी, शहाजी यांच्या नावांची लय ऐकू येते. परदेशी माणसाला ते जपानी वाटते, आणि गेमिंगच्या जगात जपानी वाटणे ही नामुष्की नव्हे. मैदानात घाई असेल तेव्हा ‘टिको’ एवढ्यावर भागते.

उणीव नाही असे नाही. भाषाशास्त्रज्ञ एडवर्ड सपीर यांनी 1929 मध्येच दाखवले होते की ‘मल’ आणि ‘मिल’ या बनावट शब्दांपैकी मोठे टेबल कोणते असे विचारले तर लोक ‘मल’ म्हणतात, कारण इ स्वराने वस्तू लहान वाटते. टिकोजीत दोन इ आहेत. नाव टोकदार वाटेल, धिप्पाड वाटणार नाही. लांबून नेम धरणाऱ्या स्नायपरला ते शोभेल, छाती काढून दारातून घुसणाऱ्याला कदाचित नाही. शिवाय इंग्रजी कान टि-को ऐकून केऐवजी सी किंवा सीके टाइप करू शकतो. एवढी गळती चालवून घ्यायची की आणखी घासायचे, हे ज्याचे त्याने ठरवावे.

घासून पाहायची पद्धत सोपी आहे. मित्राला फोन करावा, मेसेज नव्हे. नाव एकदाच म्हणावे, स्पेलिंग सांगू नये, आणि त्याने काय टाइप केले ते पाठवायला सांगावे. एक मराठी मित्र, एक हिंदी बोलणारा, एक दक्षिणेकडचा, जमल्यास परदेशातला चुलतभाऊ. चौघांपैकी तिघांनी बरोबर लिहिले तर नाव चांगले. चौघांनी चार स्पेलिंगे पाठवली तर नाव कितीही आवडलेले असो, पुढे आयुष्यभर ‘के फॉर काइट’ करत बसावे लागेल. नंतर तेच नाव लिहून दाखवून वाचायला लावावे. ऐकून लिहिणे आणि पाहून वाचणे या दोन वेगळ्या परीक्षा आहेत.

तिसरी परीक्षा यंत्र घेते. शिव्या अडवणाऱ्या चाळण्या नावाचा अर्थ पाहत नाहीत, अक्षरांचा तुकडा पाहतात. 1996 मध्ये इंग्लंडातल्या स्कन्थॉर्प गावच्या लोकांना एओएलवर खाते उघडता येईना, कारण गावाच्या स्पेलिंगमध्ये मधोमध एक शिवी दडलेली होती. तेव्हापासून या घोळाला त्या गावाचेच नाव पडले. आपल्या दीक्षित मंडळींना हा अनुभव नवा नाही. रोमन लिपीतले आडनाव नीट वाचले की कारण कळते. टिटवी पक्षी कितीही सावध असला तरी `titvi` हे नाव याच कारणासाठी घेऊ नये. 2010 मध्ये एक्सबॉक्स लाइव्हने एका अमेरिकी खेळाडूला निलंबित केले होते, कारण त्याने प्रोफाइलमध्ये आपले गाव लिहिले होते, ‘फोर्ट गे’. गाव खरोखरच वेस्ट व्हर्जिनियात आहे. कंपनीने पुढे चूक मान्य केली, पण तोवर मनस्ताप व्हायचा तो झाला.

आता प्रत्यक्ष शोध. ब्राउझरमध्ये सरळ पत्ता टाकून पाहता येते:

```
twitch.tv/tikoji
youtube.com/@tikoji
x.com/tikoji
steamcommunity.com/id/tikoji
```

पान उघडले तर नाव गेलेले. पान सापडले नाही तर नाव मोकळे असेलच असे मात्र नाही, आणि इथेच पुष्कळ जण फसतात. बंदी घातलेले खाते, नुकतेच बंद केलेले खाते किंवा अलीकडे बदललेले नाव दिसत नाही, तरी अडलेले असते. ट्विच जुने नाव किमान सहा महिने बाजूला ठेवते. माइनक्राफ्टमध्ये ते 37 दिवस राखून ठेवले जाते. एकाच वेळी पन्नास ठिकाणी नाव तपासून देणारी संकेतस्थळे हेच ‘पान आहे की नाही’ पाहतात, त्यामुळे त्यांचा हिरवा रंग म्हणजे खात्री नव्हे. खरी खात्री नोंदणीच्या फॉर्मवरच होते.

म्हणून तपासणी आणि नोंदणी यांच्यात दिवस जाऊ देऊ नयेत. एका बैठकीत, आधी एकमेव नावाची ठिकाणे, म्हणजे डिस्कॉर्ड, ट्विच, यूट्यूब, एक्स, इन्स्टाग्राम. मग बीजीएमआयसारखे गेम, जिथे नाव त्या गेमपुरते एकमेव असते आणि बदलायला रिनेम कार्ड लागते. सर्वांत शेवटी स्टीम आणि रायट. ट्विचवर खेळ दाखवायचा विचार आज नसला तरी नाव घेऊन ठेवायला पैसे पडत नाहीत. पासवर्ड मात्र प्रत्येक ठिकाणी वेगळा. सगळीकडे नाव एकच असले की चोराला निम्मी माहिती आयती मिळते. आणि पासवर्ड लिहून ठेवणेही वाया जात नाही: फेलिक्स शेलबर्गने आधी ‘प्युडी’ या नावाने खाते काढले होते, त्याचा पासवर्ड तो विसरला, म्हणून 2010 मध्ये पुढे ‘पाय’ जोडून नवे खाते काढावे लागले. जगातल्या सर्वांत गाजलेल्या यूट्यूब नावांपैकी एक असे विसरभोळेपणातून जन्मले.

समजा ट्विचवर `tikoji` गेलेले निघाले. (हा लेख छापून येईपर्यंत कोणी घेतले तर त्याला दोष देता येणार नाही.) तिथे लगेच `tikoji_07` करायचा मोह आवरावा. एका ठिकाणी शेपूट, दुसरीकडे नाही, तिसरीकडे वेगळे, असे झाले की एकच माणूस तीन होतो. त्याऐवजी सगळीकडे चालेल असे दुसरे रूप आधीच ठरवून ठेवावे आणि ते उच्चारता येणारे असावे. इथे ते तयारच आहे: बाजूला काढलेला राव परत बोलवायचा. सगळीकडे `tikojirao`, हाक मारायला टिकोजी. रावच्या स्पेलिंगचा घोळ राहील, पण निदान शेपटीत अंक नसेल.

अंकांविषयी आणखी एक गोष्ट पालकांच्या कानावर घालण्यासारखी आहे. मुले शेपटीला बहुधा जन्मसाल लावतात. `2012` पाहून अनोळखी माणसाला मुलाचे वय कळते. गावाचे नाव जोडले तर पत्ताही अर्धा कळला.

आणि नावात गेमचे नाव घालू नये. फेलिक्स लेंगेल या कॅनडाच्या स्ट्रीमरने आपल्या नावाचे शेवटचे अक्षर एक्स घेतले, पुढे क्यूबेक प्रांताची क्यूसी ही आद्याक्षरे लावली, आणि तेव्हा तो ओव्हरवॉच खेळत असल्यामुळे मागे ओडब्ल्यू जोडले: `xQcOW`. पुढे त्याचा ओव्हरवॉचशी संबंध सुटला, तरी ओडब्ल्यू बरीच वर्षे चॅनेलच्या पाटीवर लटकत राहिले, आणि शेवटी ते गळून `xQc` उरले. भारतात सप्टेंबर 2020 मध्ये पब्जी मोबाइलवर बंदी आली, तेव्हा ज्यांच्या नावात पब्जी होते त्यांची पाटी एका रात्रीत जुनी झाली.

आपल्या टिकोजीला ती भीती नाही. त्याचे नाव कोणत्याही गेमशी बांधलेले नाही. फार तर एवढेच होईल की पहिल्याच सामन्यात किल फीडवर नाव झळकेल, पलीकडच्या संघात एखादा सोलापूरचा किंवा चिपळूणचा पोरगा असेल, आणि हेडफोनमधून आवाज येईल, "हा कोण रे टिकोजी लागून गेला?"